अडीच महिन्याचा डोस राहून गेला, आता काय?

गेल्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी एक जोडपं बाळाला घेऊन आमच्या केंद्रात आलं. मी नवी मुंबईत घणसोलीच्या बाजूला एका नागरी आरोग्य केंद्रात लसीकरणाचं काम बघते. बाळ सहा महिने पंचवीस दिवसांचं, गुटगुटीत नाही पण हसरं. बाबांनी प्लास्टिकच्या पिशवीतून कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सिस्टर, दोन डोस झालेत, मधले राहिलेत. आता पहिल्यापासून घ्यावे लागतील ना?"

हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. माहेरी बाळंतपण, मग बाळाचं आजारपण, मग उन्हाळ्यातली लग्नं, मग सासरी येणं. आमच्याकडे ऐरोली, रबाळे, तुर्भे या पट्ट्यातली निम्मी घरं अशी दोन गावांत पाय ठेवून असतात, त्यामुळे बाळाचं कार्डही दोन गावांत अर्धं अर्धं भरलेलं असतं. या बाळाचं (चिऊ म्हणू तिला) उदाहरण शेवटपर्यंत घेते, कारण डोस चुकल्यावर नेमकं काय करायचं ते त्यात सगळं आलंय.

आधी उत्तर. नाही, पहिल्यापासून घ्यावे लागत नाहीत. जिथे थांबलं तिथूनच पुढे जायचं. पहिल्या डोसने शरीरात जी ओळख तयार होते ती पाच-सहा महिन्यांत पुसली जात नाही. दुसरा डोस उशिरा आला तरी शरीर त्याला ओळखतं आणि जोराने उत्तर देतं. वाया काही जात नाही. नुकसान असतं ते मधल्या उघड्या काळाचं. अपुऱ्या डोसांवर बाळ डांग्या खोकल्यापासून नीट सुरक्षित नसतं, आणि डांग्या खोकला जीवघेणा ठरतो तो मुख्यतः पहिल्या काही महिन्यांतच. म्हणून डोस चुकला की धावपळ "आता काय बिघडलं?" याची नको, "आज काय देता येईल?" याची हवी.

कार्ड आधी नीट वाचा

चिऊचं माता-बाल संरक्षण कार्ड मी उघडलं. जन्म १२ जानेवारी २०२५, साताऱ्याकडच्या ग्रामीण रुग्णालयात. बीसीजी, पोलिओचे जन्माचे थेंब आणि कावीळ ब ची जन्माची लस, तिन्हीपुढे पेनाने तारीख होती. दीड महिन्याच्या रांगेत २६ फेब्रुवारी, पेनाने. अडीच महिन्याच्या रांगेत २६ मार्च, पण पेन्सिलने.

पेन्सिलची तारीख म्हणजे तिथल्या ताईंनी पुढच्या डोससाठी दिलेला दिवस. डोस दिल्याची नोंद नव्हे. बाबांनी ती दुसरा डोस समजली होती. हा घोळ मी इतक्या वेळा पाहिलाय की आता कार्ड हातात घेतलं की आधी शाई कोणती आहे तेच बघते. तुमच्याकडे वेगळ्या पद्धतीने लिहिलेलं असेल, पण प्रश्न तोच विचारायचा, ही तारीख डोस दिल्याची आहे की बोलावल्याची? शंका असेल तर बाळाच्या आईला विचारा. त्या दिवशी मांडीला सुई टोचली होती का, रात्री ताप आला होता का, हे आईला पक्कं आठवतं. चिऊच्या आईने लगेच सांगितलं, "नाही हो, त्या दिवशी आम्ही दवाखान्यात ॲडमिट होतो."

कार्ड हरवलं असेल तर तीन ठिकाणी शोधा. जिथे डोस घेतला त्या उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेकडे कार्डाची फाडलेली प्रत आणि नोंदवही असते. गावच्या आशाताईंना फोन केला तर बहुतेक वेळा त्याच फोटो पाठवतात. दुसरं ठिकाण म्हणजे यू-विन, सरकारची लसीकरणाची डिजिटल नोंद. तिथे बाळ मोबाईल नंबरावरून सापडतं. गंमत अशी की माहेरी नोंद झालेल्या बाळांचा नंबर बरेचदा मामाचा असतो. आई-बाबांचे दोन्ही नंबर टाकून काही मिळालं नाही तर मामाला ओटीपी विचारा. तिसरं म्हणजे प्रसूतीचं डिस्चार्ज कार्ड, त्यावर जन्माच्या लसी लिहिलेल्या असतात.

काहीच सापडलं नाही, तर जे सिद्ध होत नाही ते दिलंच नाही असं धरून पुढे जायचं. एखादा डोस दोनदा झाला तर बाळाला धोका नाही, एखादा राहिला तर आहे. बीसीजी तेवढी वेगळी. डाव्या दंडावर तिचा व्रण दिसला की ती झाली. व्रण नाही पण नोंद आहे, तरीही पुन्हा द्यायची नाही. "व्रणच उठला नाही, लस लागली नाही" म्हणून बीसीजी पुन्हा मागायला आलेल्या आज्या मी पुष्कळ समजावल्या आहेत.

मग आजारपणाचा कागद

चिऊला मार्चमध्ये छातीत कफ भरून धाप लागली होती, पाच दिवस दवाखान्यात काढले. तिथून घरी आल्यावर आजी म्हणाली, "पोर अर्धं झालंय, जरा बाळसं धरू दे, मग बघू सुयांचं." मग बाळसं धरायची वाट बघता बघता चार महिने गेले.

आजी वाईट मनाने बोलल्या नाहीत. पण सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज हाच. लसीचा डोस वजनावर ठरत नाही, वयावर ठरतो. अशक्त बाळालाही तोच डोस, तेवढ्याच मापात. नुकतंच न्यूमोनियासारख्या आजारातून उठलेलं बाळ पुढच्या आजाराला जास्त बळी पडतं, म्हणून त्याला लस आधी हवी. कमी दिवसांच्या बाळांचंही तसंच. ती मोजणी जन्मतारखेपासून होते, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून नाही.

सर्दी, खोकला, थोडा ताप, पातळ शी, दात येणं, अँटिबायोटिक चालू असणं, यातल्या कशासाठीही लस पुढे ढकलायची नसते. बाळ खरोखर आजारी असेल, म्हणजे जास्त ताप, दूध ओढत नाही, धाप लागतेय, तर थांबायचं, आणि तेही बरं होईपर्यंतच. दवाखान्यात ॲडमिट असेल तर डिस्चार्जच्या दिवशी तिथेच विचारावं, राहिलेली लस आज देता येईल का? हे विचारलं असतं तर चिऊचे चार महिने वाचले असते.

मात्र डिस्चार्जचा कागद मी नीट वाचते, कारण त्यात तीन गोष्टी शोधायच्या असतात, आणि तुम्हीही त्या शोधा.

पहिली, बाळाला रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन दिलंय का. कावासाकीसारख्या आजारात इम्युनोग्लोब्युलिन मोठ्या प्रमाणात चढवतात. त्यात दुसऱ्यांच्या रक्तातली तयार प्रतिपिंडं असतात. गोवर-रुबेलाची लस जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असते, त्याला ही प्रतिपिंडं आधीच गाठतात आणि लस काही करायच्या आत संपते. म्हणून अशा बाळाला गोवरची लस काही महिने थांबवून देतात. कावासाकीच्या मोठ्या डोसनंतर हा अवकाश अकरा महिन्यांपर्यंत जातो. तारीख बालरोगतज्ज्ञांकडून लिहूनच घ्या. पाच रोगांवरची पेंटा, न्यूमोनियावरची न्यूमोकोकल, टोचायची पोलिओ या लसींना हा अडथळा नाही, त्या वेळेवर चालू ठेवायच्या.

दुसरी, स्टेरॉइड. चौदा दिवस किंवा जास्त काळ मोठ्या डोसात पोटातून स्टेरॉइड दिलं असेल तर ते बंद झाल्यावर जिवंत लसींसाठी महिनाभर थांबतात. चिऊला धापेसाठी तीन दिवस सिरप दिलं होतं. त्याने काही अडत नाही. नाकातून दिलेल्या वाफेच्या औषधानेही नाही.

तिसरी, आधीच्या डोसनंतर काही गंभीर घडलं होतं का. अंगभर पित्त उठून श्वास अडकणं, झटके, शुद्ध हरपणं. असं असेल तर केंद्रातल्या सिस्टरने डोस द्यायचा नसतो, डॉक्टरांनी बघायचं असतं. नुसता ताप, मांडीला सूज, रात्रभर किरकिर हे यात धरायचं नाही. घरात कुणाला फिट येतात हेही यात येत नाही.

आता हिशोब

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याच्या डोसांत किमान चार आठवडे म्हणजे २८ दिवस हवेत. ही खालची मर्यादा आहे. वरची मर्यादा नाही. २८ च्या ऐवजी १६१ दिवस झाले तरी चालतं, पण "चुकलंय तर लवकर उरकू" म्हणून पंधरा दिवसांत पुढचा डोस घेतला तर तो मोजला जात नाही. न्यूमोकोकल आणि टोचायची पोलिओ यांना दोन डोसांत आठ आठवडे लागतात.

चिऊचा पहिला डोस २६ फेब्रुवारीला झालेला. ती माझ्यासमोर बसली होती बुधवार, ६ ऑगस्टला. सगळी अंतरं ओलांडून गेलेली, म्हणून तिला त्याच दिवशी पाच गोष्टी दिल्या. पोलिओचे थेंब, जुलाबावरचे रोटाचे थेंब, डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत न्यूमोकोकल आणि उजव्या दंडावर कातडीत टोचायची पोलिओ.

तीन सुया बघून बाबा उठलेच. "एकाच दिवशी एवढं? निम्म्या पुढच्या आठवड्यात देऊ."

वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या सुईने एकाच दिवशी दिलेल्या लसी एकमेकींच्या आड येत नाहीत. बाळ रोज चटई चाटतं, बोटं चोखतं, त्यातून जेवढे जंतू शरीर हाताळतं त्यापुढे या लसींतला भार किरकोळ आहे. निम्म्या पुढे ढकलल्या की अजून एक रजा, अजून एक रिक्षा, आणि माझ्या अनुभवात त्यातल्या बऱ्याच जणांची ती दुसरी फेरी होतच नाही. मी त्यांना बसायला सांगितलं आणि बाळाला आईच्या छातीशी धरायला लावलं. पिता पिता टोचलं तर रडणं लवकर थांबतं. थेंब दिल्यावर अर्धा तास दूध द्यायचं नाही हेही खोटं आहे, लगेच पाजा.

पुढचा डोस ३ सप्टेंबरला, कार्डावर मी पेन्सिलने लिहिलं. आईचा चेहरा पडला. "ताई, तेव्हा गणपती. आम्ही गावी असणार."

यासाठीच वरची मर्यादा नाही हे लक्षात ठेवा. दोन पर्याय होते. गावच्या उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी तिथेच घ्यायचा, कार्ड तेच, लस तीच, पैसे दोन्हीकडे नाहीत. नाहीतर परत आल्यावर इथे. त्यांनी दुसरा पर्याय घेतला आणि बुधवार, १० सप्टेंबरला आले. पेंटा तीन, पोलिओ थेंब तीन, रोटा तीन. त्या दिवशी एकच सुई होती, बाबा निवांत होते.

नऊ महिने १२ ऑक्टोबरला पूर्ण होत होते, तो रविवार. बुधवार १५ ऑक्टोबरला गोवर-रुबेलाचा पहिला डोस, न्यूमोकोकलचा बूस्टर, टोचायच्या पोलिओचा तिसरा डोस आणि अ जीवनसत्त्वाचे एक मिली. न्यूमोकोकल आणि पोलिओच्या मागच्या डोसाला तेव्हा दहा आठवडे झाले होते, आठ पुरतात. म्हणजे जी मुलगी ऑगस्टमध्ये चार महिन्यांहून जास्त मागे होती ती ऑक्टोबरमध्ये वेळेवर आली. तीन फेऱ्यांत.

कुठे उशीर खरंच नडतो

सगळ्याच लसींना अशी सवलत नाही. सरकारी वेळापत्रकात कावीळ ब ची जन्माची लस चोवीस तासांतच. पोलिओचे जन्माचे थेंब पंधरा दिवसांपर्यंत. बीसीजी वर्षापर्यंत. पेंटा, रोटा आणि न्यूमोकोकल यांचा पहिला डोस वर्षाच्या आत पडायला हवा. एकदा सुरू झाली की वर्ष उलटलं तरी उरलेले डोस पूर्ण करता येतात. वर्षाच्या आत पेंटाचा एकही डोस नसेल तर पेंटाऐवजी डीपीटीचे तीन डोस देतात, त्याला सात वर्षांपर्यंत वेळ असतो. त्यात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात येतात, पण कावीळ ब आणि हिब जिवाणूचे आजार येत नाहीत. त्यांचं काय करायचं ते बालरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवावं लागतं. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत मिळते.

म्हणून बाळ अकरा महिन्यांचं असेल आणि पेंटाचा एकही डोस झाला नसेल, तर दिवाळीनंतर बघू असं म्हणू नका. त्या आठवड्यातच या.

खासगी डॉक्टरांचे काही आकडे याहून वेगळे असतात आणि त्यावरून आईवडील गोंधळतात. उदाहरणार्थ रोटाचा पहिला डोस खासगीत साधारण पंधरा आठवड्यांच्या आत सुरू करतात, आम्ही वर्षापर्यंत सुरू करतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, ती वेगळ्या मार्गदर्शक सूचनांची गोष्ट आहे. खासगीत सुरू केलेलं सरकारीत पूर्ण करता येतं आणि उलटही. तिथल्या सहा-रोगांच्या एकत्र लसीत आमची पेंटा आणि टोचायची पोलिओ दोन्ही येतात. फाईल घेऊन या, म्हणजे झालं.

परदेशातून आलेल्यांनाही हेच लागू. आखातातून परत आलेल्या एका बाईने मुलाला सात महिन्यांचा असताना गोवरची लस दिली होती, तिथे साथ होती म्हणून. तिला वाटलं नऊ महिन्याचा डोस झाला. तो मोजायचा नाही. आईकडून आलेली प्रतिपिंडं त्या वयात अजून शिल्लक असतात आणि लसीचं बरंचसं काम आधीच हाणून पाडतात. म्हणून नऊ महिने पूर्ण झाल्यावर, मागच्या डोसापासून चार आठवड्यांचं अंतर ठेवून, पहिला डोस नव्याने आणि दीड वर्षाला दुसरा.

सकाळी या, आणि अर्धा तास थांबा

गोवर-रुबेला आणि बीसीजी पावडरच्या रूपात येतात, त्या द्रावणात कालवाव्या लागतात. कालवल्यावर चार तासांत वापरल्या नाहीत तर फेकाव्या लागतात. पेंटाची उघडलेली कुपी नीट थंड ठेवली तर अठ्ठावीस दिवस चालते. म्हणून दुपारी उशिरा आलात तर पेंटा मिळेल, पण गोवरची लस देणाऱ्या सिस्टर घड्याळ बघतील. एका बाळासाठीही कुपी फोडायची असते, तसा नियम आहे. कुणी "आज एकच बाळ आहे, पुढच्या वेळी या" म्हटलं तर नम्रपणे हे सांगा. मी स्वतः एकदा दुसऱ्या केंद्रात, माझ्या भाचीच्या बाळासाठी, हे सांगितलंय. दिली त्यांनी.

डोसानंतर अर्धा तास केंद्रातच बसायचं. गंभीर ॲलर्जी दहा लाखांत एखाद्याला होते, आणि झाली तर बहुधा याच अर्ध्या तासात. त्यावरचं इंजेक्शन आमच्या किटमध्ये असतं, रिक्षावाल्याकडे नसतं.

रात्रीचा ताप

पेंटानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत ताप, मांडीला लाली, थोडी सूज. मांडीत वाटाण्याएवढी गाठ काही आठवडे राहू शकते. चोळू नका, शेकू नका, हळद-चुना लावू नका. ओला फडका ठेवला तर चालतो.

तापाला पॅरासिटामॉल. इथे जी चूक होते ती लसीपेक्षा धोकादायक आहे, म्हणून थोडं सविस्तर. पॅरासिटामॉल दोन रूपांत घरात असतं. लहान ड्रॉपरची बाटली, तिच्यात एक मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम. आणि सिरप, त्यात बरेचदा पाच मिलीमध्ये १२० किंवा २५० मिलिग्रॅम. डोस बाळाच्या वजनामागे, किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. सहा किलोच्या बाळाला ६० ते ९० मिलिग्रॅम, म्हणजे ड्रॉप्स साधारण पाऊण मिली, किंवा १२० वाल्या सिरपचे अडीच-तीन मिली. आता कल्पना करा, सिस्टरने सिरप धरून "अडीच मिली" सांगितलं आणि घरी ड्रॉप्सची बाटली निघाली. एका घोटात २५० मिलिग्रॅम गेलं, चौपटीहून जास्त. म्हणून बाटलीचा फोटो दाखवूनच मिली लिहून घ्या. दोन डोसांत किमान चार-सहा तास. ताप येण्याआधी, नुसतं "येईल म्हणून" देऊ नका.

तीन तासांहून जास्त न थांबणारं किंचाळून रडणं, झटके, बाळ लुळं पडणं, श्वास घ्यायला त्रास, यातलं काही दिसलं तर फोनाफोनी नको, थेट जवळचा मोठा दवाखाना. मग केंद्राला कळवा, आम्ही त्याची नोंद करून वर पाठवतो.

बाकीच्या चर्चा

"आम्ही दर वेळी पल्स पोलिओ घेतोच की." दोन थेंब पोलिओसाठी आहेत, डांग्या खोकल्याला किंवा गोवराला नाहीत. आणि ती मोहीम नेहमीच्या डोसांच्या जोडीला असते, त्यांच्या जागी नाही. भारतात नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, तरी थेंब अजून चालू आहेत ते विषाणू जगातून गेलेला नाही म्हणून.

"गोवर येऊन गेलाय, आता लस कशाला?" अंगावर लाल पुरळ उठलं की आपल्याकडे त्याला गोवर म्हणायचा प्रघात आहे. तपासणीशिवाय तो गोवर होता की दुसरा एखादा विषाणू, कुणी सांगू शकत नाही. आणि खरंच गोवर होता असं धरलं तरी लसीत रुबेलाही असते. येऊन गेलेल्या मुलाला लस दिल्याने काही अपाय नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत, मालेगावला आणि आपल्या शेजारी भिवंडीत गोवराची साथ आली, मुलं दगावली. तेव्हा आमच्या आशाताई रोज दारोदार फिरून ज्यांचा नऊ महिन्याचा डोस राहिला त्यांना शोधत होत्या.

"या लसीने पुढे मूल होत नाही." गोवर-रुबेलाच्या मोहिमेत शाळाशाळांत ही अफवा पसरली होती. खरं अगदी उलटं आहे. गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला तर पोटातलं बाळ दगावतं किंवा आंधळेपण, बहिरेपण, हृदयाचा दोष घेऊन जन्मतं. लस त्यापासून वाचवते.

स्वमग्नतेचा प्रश्न शिकलेले आईबाप विचारतात, मोबाईलवर वाचून. १९९८ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड यांचा लेख आला, बारा मुलांवरचा. त्यातली माहिती फिरवलेली निघाली, २०१० मध्ये नियतकालिकाने लेख मागे घेतला आणि वेकफिल्ड यांचा ब्रिटनमधला डॉक्टरकीचा परवाना गेला. नंतरच्या लाखो मुलांवरच्या अभ्यासांत असा संबंध सापडला नाही. स्वमग्नतेची लक्षणं ज्या वयात उघड दिसू लागतात, त्याच वयात दीड वर्षाचा बूस्टर येतो, म्हणून आईवडिलांना दोन्ही एकत्र दिसतात.

चिऊचं पुढे काय झालं ते सांगते. १५ ऑक्टोबरला गोवर-रुबेला देताना मी आईला सांगितलं होतं, या लसीचा ताप त्याच रात्री क्वचित येतो. साधारण आठवडा ते बारा दिवसांनी येऊ शकतो, सोबत बारीक पुरळ उठतं, दोन-तीन दिवसांत जातं. दिवाळीला ती माहेरी गेली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सअॅपवर फोटो आला, पाठीवर लालसर ठिपके. खाली लिहिलं होतं, "आई म्हणतेय दृष्ट लागली, सगळे बघायला येतात ना. ताप १००." मी मोजलं, नववा दिवस. दूध पितेय का विचारलं, पितेय. खेळतेय का, खेळतेय. पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स, बाटलीचा फोटो मागवून पाऊण मिली सांगितलं आणि वाढलं तर गावच्या डॉक्टरांना दाखव म्हटलं. दृष्टही काढा म्हणाले, त्याने आजीला बरं वाटेल. रविवारी अंग स्वच्छ झालं होतं.

कार्डाच्या शेवटच्या रांगेत मी पेन्सिलने १२ मे २०२६ लिहून दिलंय. सोळा महिने पूर्ण, गोवर-रुबेलाचा दुसरा, डीपीटीचा पहिला बूस्टर, पोलिओ थेंबांचा बूस्टर. मे म्हणजे लग्नसराई, म्हणून त्याशेजारी बाबांनी स्वतःच गावच्या आशाताईंचा नंबर लिहिला, आणि तो मात्र पेनाने.